४० टक्के गेले, ६७ टक्के कुठून आणायचे? एका ऑप्शन सेलरच्या ४ जूनचं प्रकरण

नाव बदललंय, गाव बदललंय. आकडे राउंड केलेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तेच ठेवलंय. आपण त्याला सुधीर म्हणू. नाशिकला एका कंपनीत प्रॉडक्शनमध्ये आहे, वय चाळिशीच्या पुढे, आणि गेली काही वर्षं नोकरी सांभाळून निफ्टीचे वीकली ऑप्शन विकतो. खात्याचं स्टेटमेंट त्याने स्वतःहून दाखवलं आणि लिहायलाही त्यानेच सांगितलं, अट एकच, की "बिचारा" असं कुठे लिहायचं नाही. नाही लिहिणार.

पार्श्वभूमी

एप्रिल २०२३ मध्ये त्याच्या ट्रेडिंग खात्यात ३० लाख होते, थोडी कॅश आणि बाकीचे लिक्विड फंड प्लेज केलेले. मे २०२४ संपताना ते ४० लाख झाले होते. चौदा महिन्यांत ३० चे ४०, म्हणजे महिन्याला चक्रवाढीने साधारण २.०८ टक्के. यात फार ग्रेट काही नव्हतं आणि तीच त्यातली चांगली गोष्ट होती. दर आठवड्याला लांबचा एक कॉल, म्हणजे निफ्टी वर गेला तर महागणारा ऑप्शन, आणि लांबचा एक पुट, म्हणजे खाली गेला तर महागणारा, विकायचा, नुकसानाला आळा म्हणून त्याच्याही बाहेर स्वस्तातले हेज घ्यायचे, एक हजार क्वांटिटीच्या आसपास राहायचं, आठवड्याला नेट वीसेक पॉइंट खायचे. दोन-तीन आठवडे तोट्याचे गेले होते पण ते स्टॉपलॉसवर कापले होते, एकदाही खातं ४ टक्क्यांच्या वर पडलेलं नव्हतं.

मे महिन्यापासून एक बदल झाला होता. नवीन फ्लॅटचा हप्ता ३५ हजार, तो याच खात्यातून द्यायचा असं घरात ठरलं. महिन्याला ८३ हजारांच्या आसपास येतायत, त्यातले ३५ गेले तरी खातं वाढतंच राहणार, हिशोब बरोबरच होता. ४० लाखांवर बरोबर होता.

३ जूनचा सोमवार

लोकसभेचे एक्झिट पोल शनिवारी १ जूनला संध्याकाळी आले, सगळीकडे एकतर्फी बहुमत. सोमवारी निफ्टी सव्वातीन टक्के वर, बंद २३,२६३.९०. निकाल मंगळवारी आणि वीकली एक्सपायरी गुरुवारी ६ जूनला. त्यामुळे त्या आठवड्याचं प्रीमियम, म्हणजे ऑप्शन विकून मिळणारी किंमत, भयंकर फुगलेलं होतं, जिथे एरवी नेट वीस-पंचवीस पॉइंट मिळायचे तिथे त्याला १७० दिसत होते.

त्याने घेतलेली पोझिशन अशी. २२,६०० चा पुट १३० ला विकला, २४,२०० चा कॉल ६० ला विकला, खाली २०,५०० चा पुट १२ ला आणि वर अजून लांबचा एक कॉल ८ ला हेज म्हणून घेतला. नेट १७० पॉइंट हातात. आणि क्वांटिटी नेहमीची हजार नाही तर २,४००, तेव्हाच्या २५ च्या लॉटने ९६ लॉट. ४,०८,००० रुपये प्रीमियम, भांडवलाच्या दहा टक्के, तीन दिवसांत. त्याच्या भाषेत "पाच महिन्यांची कमाई एका आठवड्यात".

इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते खरी चूक इथे झाली, मंगळवारी नाही.

९६ लॉट बसले कसे? हेजमुळे. लांबचा पुट घेतला की एक्स्चेंजला दिसतं की तुमचं नुकसान कुठेतरी थांबतंय, म्हणून मार्जिन, म्हणजे तारण म्हणून अडकवावी लागणारी रक्कम, बरंच कमी लागतं. त्याला एका लॉटला ३७ हजारांच्या आसपास लागत होतं, सगळे मिळून साडेपस्तीस लाख, आणि खात्यात ४० आहेत म्हणजे बसतंय. पण आता हेजच्या अंतराकडे बघा. २२,६०० आणि २०,५०० मध्ये २,१०० पॉइंटचं अंतर. त्यातून मिळालेले १७० वजा केले तर क्वांटिटीमागे १,९३० पॉइंट जास्तीत जास्त जाऊ शकतात, आणि २,४०० ने गुणलं की ४६ लाख ३२ हजार येतात. खातं ४० लाखांचं! ज्या पोझिशनला तो "हेज्ड, डिफाइन्ड रिस्क" म्हणत होता त्यातली डिफाइन केलेली रिस्क अख्ख्या खात्यापेक्षा मोठी होती. हेजने नुकसान कमी केलं नव्हतं, जास्त लॉट घ्यायची परवानगी दिली होती. हे आजही शेकडो लोक दर आठवड्याला करतात आणि मार्जिन कॅल्क्युलेटर हिरवा दिसला की समाधान मानतात.

आणि दुसरं, जे त्याला नंतर जास्त लागलं. प्रीमियम मुळातच सातपट झालं होतं. नेहमीची हजार क्वांटिटी ठेवली असती तरी १ लाख ७० हजार मिळणार होते, दोन महिन्यांची कमाई. बाजार जास्त पैसे देतोय म्हणजे बाजार जास्त हलू शकतो असं बाजारच सांगतोय, आणि नेमक्या त्याच आठवड्यात त्याने क्वांटिटी अडीचपट केली.

इलेक्शनच्या निकालाला बाजार किती हलतो याचा इतिहास तर समोरच होता. १७ मे २००४ ला निफ्टी १२ टक्क्यांवर पडला होता, आणि १८ मे २००९ ला वरच्या सर्किटला लागून १७ टक्क्यांच्या वर बंद झाला होता. म्हणजे कॉल विकणारा पण सुरक्षित नव्हता, फक्त यावेळी वार खालून आला.

४ जूनचा मंगळवार

निफ्टी २३,१७९ ला उघडला, म्हणजे फार मोठा गॅप नव्हता. हे महत्त्वाचं आहे, कारण बाहेर पडायला वेळ होता. मग आकडे यायला लागले, भाजपला स्वबळावर बहुमत नाही असं दिसायला लागलं आणि बाजार घसरायला लागला.

सुधीरचा नियम होता की विकलेला ऑप्शन दुप्पट झाला की कापायचा. १३० चा पुट २६० ला, स्टॉपलॉस लावलेला होता. ऑप्शनमध्ये मार्केट प्राइसचा स्टॉपलॉस एनएसईने २०२१ मध्येच बंद केलाय, त्यामुळे लिमिट असलेला लावावा लागतो, त्याने ट्रिगर २६० आणि लिमिट २७० ठेवलं होतं. पुट २२०-२३० ला पोचला तेव्हा त्याने तो स्टॉपलॉस कॅन्सल केला. कारण विचारलं तर म्हणाला, "अरे सरकार तर त्यांचंच येणार होतं ना, मला वाटलं दहा मिनिटात वर येईल." सरकार त्यांचंच आलं, ते बरोबर होतं. पण बाजार त्याच्या हिशोबाने वर आला नाही.

पुढचे दोन-अडीच तास तो काहीच करू शकला नाही, म्हणजे करू शकत होता पण केलं नाही. पुट ४०० झाला, ५५० झाला, ७०० झाला, आणि प्रत्येक वेळी आता कापला तर फार मोठं नुकसान होईल म्हणून थांबला. त्यात विकलेल्या ऑप्शनची किंमत जशी वाढते तशी मार्जिनची मागणी पण वाढत जाते, व्होलॅटिलिटी वाढली की अजून वाढते, आणि खात्यात तर साडेचार लाखच मोकळे होते. ब्रोकरच्या आरएमएसचा, म्हणजे जोखीम सांभाळणाऱ्या विभागाचा, मेसेज आला की मार्जिन कमी आहे, पैसे भरा नाहीतर आम्ही पोझिशन कापू. एफडी मोडायला त्या वेळात जमणार नव्हतं. बायको मागे उभी होती, तिने एवढंच विचारलं, "अहो, अजून किती खाली जाऊ शकतं?" आणि याच्याकडे उत्तर नव्हतं. मग त्याने स्वतःच तुकड्यातुकड्यात कापला, सरासरी ९३०.

पुटमध्ये ८०० पॉइंट गुणिले २,४०० म्हणजे १९ लाख २० हजार गेले. कॉलच्या बाजूने आणि खालच्या हेजमधून मिळून सव्वातीन लाखांच्या आसपास परत आले. नेट नुकसान जवळपास १६ लाख. ४० चे २४ झाले. चाळीस टक्के.

त्यानंतर निफ्टी २१,२८१ पर्यंत गेला, आणि दिवसअखेर २१,८८४.५० ला बंद झाला, ५.९३ टक्के खाली.

आता यातला सगळ्यात त्रासदायक भाग. ५ जूनला निफ्टी २२,६२० ला बंद झाला. ६ जूनला, एक्सपायरीच्या दिवशी, २२,८२१ ला. म्हणजे ज्या २२,६०० च्या पुटने त्याचे एकोणीस लाख नेले तो पुट शेवटी झिरो झाला, कॉल पण झिरो. काहीही न करता बसला असता तर पूर्ण ४ लाख ८ हजार खिशात. सुधीर हे मला सांगताना हसला, पण ते हसणं काही बरं नव्हतं. मात्र यातून "धरून ठेवायला हवं होतं" असा धडा कोणी काढत असेल तर तो चुकीचा आहे, कारण त्याला धरून ठेवताच येत नव्हतं. २१,२८१ ला पोझिशनचं कागदावरचं नुकसान माझ्या अंदाजाने २३-२४ लाखांच्या घरात गेलं असतं, म्हणजे खात्याच्या जवळपास साठ टक्के, आणि तिथे पोचायच्या आधीच ब्रोकरने कापलं असतं. शेवटच्या दिवशी भाव कुठे असेल याला महत्त्व तेव्हाच, जेव्हा तुम्ही शेवटच्या दिवसापर्यंत टेबलावर असता.

हिशोब

आता मूळ गणिताकडे. जेवढे टक्के गेले त्याला उरलेल्या टक्क्यांनी भागा, भरून काढायला किती टक्के लागतील ते येतं. १० गेले तर १० भागिले ९०, म्हणजे ११.१ टक्के. २० गेले तर २५. ३० गेले तर जवळपास ४३. ४० गेले तर ४० भागिले ६०, म्हणजे ६६.७ टक्के. ५० गेले तर १००, आणि ६० गेले तर १५०. नुकसान मोठ्या रकमेवर होतं आणि भरपाई उरलेल्या छोट्या रकमेवर करायची असते, एवढंच कारण. सुरुवातीला दोन्ही बाजू सारख्याच वाटतात, दहा टक्क्यांपर्यंत फरक जाणवतच नाही, वीसच्या पुढे मात्र पायऱ्या उंच व्हायला लागतात.

हे गणित सगळ्यांनाच माहीत असतं, सुधीरलाही होतं. पण शेअर घेऊन बसणाऱ्याला आणि ऑप्शन विकणाऱ्याला ते एकसारखं लागू होत नाही. शेअरवाल्याचा शेअर ४० टक्के पडला तर तोच शेअर परत ६७ टक्के वर जाऊ शकतो, एखाद्या चांगल्या वर्षात जातोही. ऑप्शन सेलरची कमाई वरून बंद असते, प्रीमियम मिळेल तेवढंच. बाजाराने कितीही उडी मारली तरी त्याला १७० चे १७१ होत नाहीत. त्यामुळे त्याची भरपाई एका मोठ्या उडीत कधीच होत नाही, ती महिन्यांच्या भाषेतच मोजावी लागते. म्हणून टक्के सोडा, महिने मोजा.

महिन्याला २.०८ टक्क्यांनी २४ चे ४० व्हायला २५ महिने लागतात. पंचवीस महिने, आणि त्यात एकही तोट्याचा महिना धरलेला नाही. आता हेच इतर ठिकाणी लावून बघा. स्टॉपलॉस कॅन्सल केला नसता आणि २६०-२७० ला बाहेर पडला असता तर ९६ लॉट असूनही नुकसान सव्वातीन लाखांच्या आसपास, ८ टक्के, आणि ते भरायला चार महिने. आणि स्टॉपलॉस कॅन्सल करून, सगळा मूर्खपणा तसाच ठेवून, फक्त क्वांटिटी नेहमीची हजार असती तर नुकसान ६ लाख ६५ हजार, १६.६ टक्के, भरायला नऊ महिने. चार, नऊ आणि पंचवीस. क्वांटिटी २.४ पट होती पण महिने २.४ पट वाढले नाहीत, जवळपास पावणेतीन पट वाढले.

आणि मग हप्ता. २४ लाखांवर २.०८ टक्के म्हणजे महिन्याला जेमतेम ५० हजार. त्यातून ३५ हजारांचा हप्ता काढला की खात्यात उरले १५ हजार. हे धरून महिन्यागणिक हिशोब केला तर ४० लाखांपर्यंत पोचायला ५७ महिने येतात, पावणेपाच वर्षं. हे मी त्याला एक्सेलमध्ये काढून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही. खातं ४० लाखांचं असताना जो हप्ता सहज निघत होता तोच आता कमाईचा ७० टक्के खात होता. घरखर्च ज्यांचा ट्रेडिंगवर चालतो त्यांनी हा भाग परत वाचावा, कारण ड्रॉडाउनच्या, म्हणजे खातं किती टक्के पडलं याच्या, टेबलात खात्यातून काढलेले पैसे कधीच दाखवत नाहीत.

एक गोष्ट अजून. निकाल लागून गेला आणि बाजार किती हलेल याचा अंदाज सांगणारा निर्देशांक, इंडिया व्हिक्स, जो ४ जूनला ३० च्या वर जाऊन आला होता, तो जूनच्या मध्यापर्यंत १३ च्या आसपास आला. म्हणजे मोठं नुकसान झाल्यावर सेलरला जेव्हा जास्त प्रीमियमची गरज होती तेव्हाच ते आटलं. तेच दोन टक्के काढायला आता जवळच्या स्ट्राइक विकाव्या लागणार होत्या.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय त्याच्या डोक्यात त्याच रात्री आला, एका वर्षात भरून काढायचं. त्यासाठी महिन्याला ४.३५ टक्के लागतात, म्हणजे आधीच्या दुपटीहून जास्त, म्हणजे भांडवलाच्या मानाने दुप्पट क्वांटिटी. त्याचा मित्र पण हेच म्हणत होता, की तुझी स्ट्रॅटेजी चांगलीच आहे रे, एक दिवस वाईट होता. याला माझं उत्तर असं होतं की अजून एक चाळीस टक्क्यांचा दिवस आला तर २४ चे १४ लाख ४० हजार होतील, तिथून ४० ला जायला १७८ टक्के लागतात. आणि दुप्पट क्वांटिटीवर चाळीस टक्के जायला बाजाराला ४ जून एवढं पडायची गरजही नाही.

दुसरा, बाहेरून पैसे आणायचे. एफडी होती, सासऱ्यांनी पण विचारलं होतं. १६ लाख परत टाकले की खातं पुन्हा ४० चं दिसतं आणि महिन्याची कमाई पण पूर्वीसारखी होते. पण हे भरून काढणं नाही, हे फक्त खड्डा दुसऱ्या खिशात हलवणं आहे. मी याला अगदी चूक म्हणणार नाही, काही लोकांना ते योग्यही असेल, पण ज्या पद्धतीने सोळा लाख गेले ती पद्धत तीच असताना नवीन पैसे टाकणं मला पटलं नाही.

तिसरा, आहे तेच आहे त्याच टक्केवारीने चालू ठेवायचं, २५ महिने. कागदावर सगळ्यात सरळ वाटतो, पण २.०८ टक्क्यांचा हा वेग जुन्या रिस्कवर मिळालेला होता. तेरा-चौदा व्हिक्सला तो टिकेल का याची खात्री नव्हती.

चौथा म्हणजे थांबायचं, पैसे काढून इंडेक्स फंडात टाकायचे. बायकोचं मत हेच होतं आणि खरं सांगायचं तर माझंही थोडंफार हेच होतं. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत एफअँडओ करणाऱ्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाल्याचं आलंय, त्यामुळे थांबणारा माणूस काही पळपुटा नसतो.

काय केलं

त्याने पाचवंच काहीतरी केलं, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधलं. जून महिना पूर्ण बंद. हप्ता खात्यातून काढणं बंद, तो पगारातून, त्यासाठी गाडी बदलायचं पुढे ढकललं. घरात यावरून वाजलंही थोडं.

मग क्वांटिटी ठरवायची पद्धत उलटी केली. आधी मार्जिन बघून किती लॉट बसतात ते बघायचा. आता आधी विचारतो की हेजपर्यंत सगळं गेलं, म्हणजे रात्रीतून गेलं, स्टॉपलॉस लागलाच नाही, तर किती जाईल, आणि ते भांडवलाच्या १० टक्क्यांच्या आत बसवतो. १० टक्केच का, तर ते भरायला ११.१ लागतात, तिथपर्यंत गणित आवाक्यात आहे. हेज पण लांबचा नाही, ४०० पॉइंटवर. नेट ६० पॉइंट मिळाले तर जास्तीत जास्त ३४० जाणार, २४ लाखांच्या १० टक्के म्हणजे २ लाख ४० हजार भागिले ३४०, सातशेच्या आसपास क्वांटिटी. नंतर लॉट ७५ चा झाला तेव्हा नऊ लॉट. मार्जिन खात्यात निम्म्याहून जास्त पडूनच असतं, आणि ते पडून राहू देणं हेच त्याला सगळ्यात अवघड गेलं असं तो म्हणतो.

याची किंमत आहे. जवळचे हेज महाग असतात, प्रीमियमचा चांगला हिस्सा त्यात जातो. त्याचा वेग महिन्याला १.२ टक्क्यांच्या आसपास आला. या वेगाने २४ चे ४० व्हायला ४३ महिने. त्याला हे माहीत आहे आणि त्याने ते मान्य केलंय.

निकाल

मार्च २०२५ पर्यंत खातं २६ लाखांच्या आसपास आलं होतं. मग ७ एप्रिल आला. अमेरिकेच्या टॅरिफवरून जगभर पडझड, शुक्रवारी २२,९०४ ला बंद झालेला निफ्टी सोमवारी थेट २१,७५८ ला उघडला. ४ जूनला वेळ तरी होता, इथे शून्य सेकंद होते. विकलेला पुट उघडतानाच खोलवर आत, स्टॉपलॉसची लिमिट केव्हाच मागे राहिलेली. जुन्या पद्धतीत असता तर काय झालं असतं याचा हिशोब त्याने केलाय, मी इथे देत नाही. नवीन पद्धतीत त्याला आधीपासून माहीत होतं की वाईटात वाईट किती जाईल. बाजार दिवसभरात थोडा सावरल्यावर कापलं, नुकसान १ लाख ४३ हजार, साडेपाच टक्के. भरायला ५.८ टक्के, त्याच्या नव्या वेगाने पाच महिने.

डिसेंबर २०२५ ला खात्यात २७ लाख होते. ४० ला पोचायला अजून ४८ टक्के हवेत. दीड वर्ष झालं आणि तो अजून एप्रिल २०२३ च्या ३० लाखांच्याही खाली आहे.

काय वेगळं करता आलं असतं

स्टॉपलॉस कॅन्सल करणं ही चूक आहेच, पण माझ्या मते ती दुसऱ्या नंबरची. ४ जूनला स्टॉपलॉस लागला असता, ७ एप्रिलला लागला नसता, आणि कुठला दिवस कसा उजाडेल हे आधी कळत नाही. त्यामुळे ३ जूनला दुपारी प्रीमियमकडे बघून क्वांटिटी ठरली तिथे वेगळा निर्णय हवा होता. समजा त्याने २४ लॉटच घेतले असते, ६०० क्वांटिटी. तळाला कागदी नुकसान सहा लाखांच्या आसपास, १५ टक्के, मार्जिन भरपूर मोकळं, आरएमएसचा मेसेज नाही. घाबरून स्वतः कापलं असतं तरी चार लाख, १० टक्के. आणि धरलं असतं तर गुरुवारी १ लाख २ हजार. छोट्या क्वांटिटीत तो बरोबर पण ठरू शकला असता आणि चूक पण. ९६ लॉटमध्ये बरोबर ठरायची सोयच नव्हती.

यावर सुधीरचं आणि माझं एका गोष्टीत अजून जमत नाही. तो म्हणतो निकालाच्या आठवड्यात विकायचंच नाही, शून्य. माझं म्हणणं, १० टक्क्यांच्या नियमात बसत असेल तर विकायला हरकत नाही, कारण प्रीमियम तेव्हाच बरं मिळतं, आणि एरवीच्या आठवड्यात काही घडणार नाही असं कोणी लिहून दिलेलं नाही. ७ एप्रिलच्या आधीच्या शुक्रवारी कॅलेंडरवर इलेक्शन नव्हतं, बजेट नव्हतं. तो म्हणतो, "तुझं बरोबर असेल, पण तुझे सोळा लाख गेलेले नाहीत." हेही खरं आहे.

खात्याच्या शीटमध्ये त्याने अलीकडे एक बदल केलाय. आधी पहिल्याच कॉलममध्ये "४० पासून किती लांब" असा आकडा होता, तो काढला, कारण तो दिसला की लॉट वाढवावेसे वाटतात. आता तिथे दोनच आकडे असतात, या आठवड्यात सगळं गेलं तर किती टक्के जाईल, आणि ते भरायला सध्याच्या वेगाने किती महिने लागतील. दुसरा आकडा दहाच्या वर गेला की एक लॉट कमी.